विक्रीसाठी ठेवलेल्या मालाचा हिशेब: परत आलेला माल आमच्या पैशांतून वजा होऊ शकतो का?

हळदगाठ (समुद्रपूर)

नमस्कार. आमचा ११ जणींचा बचत गट आहे. वायगाव हळद शेतकऱ्याकडून विकत घेऊन, गावातल्या चक्कीवर दळून, २०० ग्रॅमच्या पाकिटांत भरून आम्ही विकतो. गेल्या हिवाळ्यात नागपुरातील एका दुकानात 'विकेल तसे पैसे' या बोलीवर माल ठेवला. छापील किंमत १०० रुपये, त्यातले २५ दुकानाचे आणि ७५ गटाचे, असे तोंडी ठरले होते. १० डिसेंबरला १२० आणि ६ जानेवारीला ८० अशी एकूण २०० पाकिटे आम्ही पाठवली. एप्रिल संपताना दुकानाने ४६ पाकिटे परत पाठवली आणि सोबत एका चिठ्ठीवर हा हिशेब दिला:

विक्री १४० नग × ७५ = १०,५००
वजा परत माल ४६ नग × ७५ = ३,४५०
वजा संक्रांत सूट ४० नग × १० = ४००
वजा परतीचे भाडे = ३००
देय = ६,३५०

६,३५० रुपये गटाच्या खात्यात जमाही झाले आहेत. चिठ्ठी वाचल्यावर काहीतरी चुकले आहे असे मला वाटते, पण नेमके कुठे ते बोट ठेवून सांगता येत नाही. शेतकऱ्याचे हळदीचे पैसे अजून द्यायचे आहेत आणि शनिवारी गटाची बैठक आहे. विकला न गेलेला माल परत आला, तर त्याची किंमत आमच्या पैशांतून वजा करण्याची रीत आहे का? दुकानदारांशी आमचे संबंध चांगले आहेत, म्हणून पूर्ण समजून घेतल्याशिवाय फोन करायचा नाही असे ठरवले आहे.

नोंदवही (वर्धा)

ताई, मी बचत गटांच्या एका विक्री केंद्राचा हिशेब आठ वर्षे लिहिते आहे आणि हीच चूक मी निदान पाच-सहा वेळा पाहिली आहे. तुमच्या चिठ्ठीत दोन वेगवेगळ्या पद्धती एकमेकींत मिसळल्या आहेत.

पहिली पद्धत विक्रीपासून सुरू होते. १४० पाकिटे विकली गेली, प्रत्येकी ७५ रुपये, म्हणजे १०,५०० रुपये गटाचे झाले. परत आलेली ४६ पाकिटे या १४० मध्ये कधी धरलेलीच नव्हती, त्यामुळे त्यांच्यापायी वजा करण्यासारखे काहीच उरत नाही.

दुसरी पद्धत पाठवलेल्या मालापासून सुरू होते. २०० पाकिटे दुकानात गेली, ती जणू दुकानाने घेतलीच असे समजून १५,००० रुपये त्याच्या नावावर लिहायचे आणि मग परत आलेल्या ४६ पाकिटांचे ३,४५० रुपये वजा करायचे. या पद्धतीने ११,५५० रुपये येतात.

तुमच्या दुकानदारांनी सुरुवात पहिल्या पद्धतीने केली आणि वजाबाकी दुसऱ्या पद्धतीची केली. त्यामुळे जो माल विकला गेलाच नाही, ज्याचा एक रुपयाही तुम्हाला मिळाला नव्हता, त्याचे पैसे तुमच्याकडून कापले गेले.

आता आणखी एक गोष्ट पाहा. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, तर उत्तरे सारखी यायला हवीत. पण १०,५०० आणि ११,५५० यांत १,०५० रुपयांचा फरक पडतो. त्याला ७५ ने भागले की १४ येतात. १४० विकली आणि ४६ परत आली, मिळून १८६ झाली. २०० पैकी १४ पाकिटांचा चिठ्ठीत कुठेही उल्लेख नाही. चिठ्ठीतला सर्वांत मोठा दोष मला हाच वाटतो, कारण वजाबाकीची चूक नजरेला खटकते, तर न लिहिलेली तूट खटकत नाही.

तुम्ही माल पाठवला तेव्हा चलन केले होते का, आणि त्यावर दुकानाची पोच आहे का? तुमच्या उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

हळदगाठ (समुद्रपूर)

नोंदवहीताई, मनापासून आभार. मी वहीत दोन्ही पद्धतींनी गणित मांडून पाहिले आणि तेव्हा डोळे उघडले. १४ पाकिटांकडे आमच्यापैकी कोणाचेच लक्ष गेले नव्हते.

डिसेंबरच्या १२० पाकिटांची पोच आहे, त्यावर सही आणि तारीख दोन्ही आहेत. जानेवारीची ८० पाकिटे ४० च्या दोन खोक्यांत भरून, जाम चौरस्त्यावरून नागपूरला जाणाऱ्या ओळखीच्या गाडीवाल्याबरोबर पाठवली होती. चलन आम्ही लिहिले होते, पण सही झालेली प्रत परत आली नाही आणि आम्हीही ती मागितली नाही.

अंबानगरी (अमरावती)

यात एवढा विचार कशाला करायचा? सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. माल पोचल्यापासून ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर व्याजासह वसुली होते. जानेवारीचा माल आणि एप्रिलचा हिशेब, म्हणजे मुदत केव्हाच उलटून गेली. सरळ तक्रार दाखल करावी.

नोंदवही (वर्धा)

अंबानगरीदादा, कायदा तुम्ही सांगता तो आहे, परंतु त्याचा आधार घेण्यासाठी गटाची उद्यम नोंदणी असावी लागते आणि समोरचा पक्ष खरेदीदार असावा लागतो. इथे दुकानाने माल विकत घेतलेलाच नाही. ग्राहकाने पाकीट उचलून पैसे देईपर्यंत हळद गटाचीच होती. माल पोचल्याच्या दिवसापासून ४५ दिवस मोजायला गेलो, तर २०० पाकिटांचे पैसे मागावे लागतील आणि मग ४६ पाकिटे परत घेण्याचा प्रश्नच उरणार नाही.

कमिशनवर माल विकणारे दुकान हे मालकाच्या प्रतिनिधीसारखे असते आणि १८७२ च्या करार कायद्याचे २१३ वे कलम सांगते की मालकाने मागितल्यावर प्रतिनिधीने योग्य हिशेब दिला पाहिजे. ताईंना सध्या हवा आहे तो हिशेबच. तक्रारीची वेळ अजून आलेली नाही असे माझे मत आहे.

गव्हाळ (हिंगणघाट)

माझे मत थोडे वेगळे आहे. ग्राहकांनी माल परत आणला तर दुकानदाराने तरी काय करावे? आमच्या ओळखीच्या एका ताईंच्या शेवयांत अळ्या निघाल्या होत्या, तेव्हा दुकानाने ग्राहकांचे पैसे परत केले आणि ते ताईंच्या हिशेबातून कापले. तेव्हा कोणी त्याला अन्याय म्हटले नव्हते.

हळदगाठ (समुद्रपूर)

गव्हाळताई, आमचा परत आलेला माल ग्राहकांनी आणलेला नाही. तो विकलाच गेला नाही. सगळ्या पाकिटांचे सील शाबूत आहे.

नोंदवही (वर्धा)

गव्हाळताईंनी प्रश्न वेगळा समजून घेतला असला, तरी त्यांच्या म्हणण्यावरून चिठ्ठी तपासण्याची एक चांगली खूण सापडते. विकून झालेला माल ग्राहकाने परत आणला, तर विक्रीतून तो वजा करणे योग्यच आहे, कारण तो आधी विक्रीत धरला गेलेला असतो. समजा, दुकानदार म्हणाले की १४० मध्ये ही ४६ पाकिटे धरलेली आहेत. मग खरी विक्री ९४ झाली, परत आली ४६, आणि २०० पैकी ६० पाकिटे बेपत्ता झाली. एवढी तूट कोणताही दुकानदार कबूल करणार नाही. म्हणून ताईंनी फोनवर पहिला प्रश्न एवढाच विचारावा: 'या १४० मध्ये परत आलेली ४६ आहेत की नाहीत?' नाहीत म्हणाले, तर ३,४५० ची वजाबाकी त्यांनाच मागे घ्यावी लागेल.

पेठेतले दुकान (अकोला)

मी दुकान चालवतो आणि माझ्याकडे वीस-बावीस गटांचा माल असाच ठेवलेला असतो, म्हणून दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

परत मालाची वजाबाकी चुकीची आहे, हे मी मान्य करतो. ती कशी होते, हेही सांगतो. आमच्याकडे हिशेब संगणकावर असतो. विकत घेतलेला माल परत पाठवला की आपण परतीची नोंद करतो आणि पुरवठादाराला द्यायच्या पैशांतून ती रक्कम आपोआप कमी होते. ठेवायला आलेल्या मालाची मात्र खरेदी म्हणून नोंद झालेली नसते. तो फक्त विकला जाईल तसा जमा होतो. दुकानातल्या मुलाने सवयीने परतीची नोंद केली की खात्यातून पैसे कापले जातात. माझ्याकडे हे एकदा घडले होते आणि तीन गटांना मी स्वतः फोन करून पैसे परत दिले. त्यामुळे ताईंनी दुकानदाराच्या मनात खोट आहे असे धरून बोलू नये.

परंतु १४ पाकिटांची सगळी तूट दुकानाच्या माथी मारण्याला माझा विरोध आहे. खोक्यावर ४० लिहिलेले असते आणि आत ३७ निघतात, असे महिन्यातून एकदा तरी होते. उंदीर आहेत, गर्दीत हात मारणारे आहेत, वास घ्यायला पाकीट फोडणारे ग्राहक आहेत. २५ रुपयांत भाडे, वीज, माणूस आणि हे सगळे नुकसान भागत नाही. शेकडा दोन नगांची तूट मालकाने सोसावी, असे मी माझ्याकडे लिहूनच घेतो.

बांबूघर (गडचिरोली)

आम्ही बांबूचे दिवे आणि टोपल्या करतो. आमच्याकडे प्रत्येक नग वेगळा, त्यामुळे 'बारा दिवे दिले, पाच परत आले' एवढ्याने काही कळत नाही. पाच कोणते, हे कळावे लागते. मागच्या वर्षी ६५० रुपयांचे दिवे विकले गेले आणि चिठ्ठीवर ४०० चे विकल्याचे लिहिले होते. आता प्रत्येक नगाच्या तळाशी आम्ही क्रमांक कोरतो आणि चलनावर तोच क्रमांक व किंमत लिहितो.

परत आलेल्या मालाबद्दल एक अनुभव सांगते. दोन टोपल्या परत आल्या त्यांना बारीक भोके होती आणि खाली पिठासारखी भुकटी पडत होती. दुकानदार म्हणाले की तुमचाच बांबू किडका होता, आणि तपासल्यावर ते खरे निघाले, कारण त्या खेपेला आम्ही बांबूवर प्रक्रिया न करताच काम केले होते. ते नुकसान आम्ही सोसले. ताई, तुमची ४६ पाकिटे कोणत्या अवस्थेत परत आली, ते आधी पाहून घ्या. सील शाबूत असले म्हणजे माल चांगला आहे असे होत नाही.

हळदगाठ (समुद्रपूर)

बांबूघरताई, तुमचे वाचून मी सगळी पाकिटे जमिनीवर कापड पसरून मांडली. नऊ पाकिटांची एक बाजू फिकट पिवळी झाली आहे आणि दुसरी बाजू अजून गडद आहे. म्हणजे ती काचेशी उन्हात मांडलेली होती, कारण हळदीचा रंग उजेडाने उडतो. पाकिटावर भरल्याची तारीख आहे, त्यावरून पाहिले तर ३१ पाकिटे डिसेंबरच्या खेपेची आणि १५ जानेवारीची निघाली. मुदत भरल्यापासून नऊ महिन्यांची आहे, त्यामुळे बाकीची आठवडी बाजारात विकता येतील. फिकट झालेल्या नऊ पाकिटांचे काय करावे?

नोंदवही (वर्धा)

तारखा पाहिल्यात, हे फार चांगले केलेत. डिसेंबरची ३१ पाकिटे पडून राहिली आणि जानेवारीची विकली गेली, याचा अर्थ नवा माल पुढे आणि जुना मागे मांडला गेला. हे पैशांच्या हिशेबात येत नाही, पण दुसरी खेप पाठवण्याची घाई तुम्हीही केली, हे त्यातून दिसते. पहिल्या १२० पैकी किती उरली आहेत हे विचारूनच पुढची ८० पाठवायला हवी होती.

नऊ पाकिटांबद्दल माझे मत विचाराल, तर ऊन दुकानाने लावले, पण पारदर्शक पाकीट तुम्ही निवडले. अशा वेळी मी निम्मे-निम्मे सुचवते.

पेठेतले दुकान (अकोला)

पारदर्शक पाकीट असले तर ग्राहक हळदीचा रंग पाहून घेतो आणि ते काचेशीच विकले जाते. माझ्या मते हे नुकसान मालकाचेच आहे.

बांबूघर (गडचिरोली)

मला दोघांचेही पटत नाही. माल कुठे मांडायचा हे दुकान ठरवते, तर बिघडल्याची जबाबदारीही दुकानाची. उन्हातला माल आठवड्याने फिरवायला काय लागते?

संत्राबाग (काटोल)

मी शेतकरी आहे, वय ७१. आमची संत्री कळमन्याच्या बाजारात अडत्याकडे जात असत आणि संध्याकाळी हातात पट्टी मिळत असे. त्या पट्टीवर मालाचे किती डाग, म्हणजे नग, आले, कोणत्या भावाने किती गेले, हमाली किती, तोलाई किती, हे सगळे ओळीने लिहिलेले असे आणि शेवटी हातात येणारी रक्कम असे. ती रक्कम मनासारखी नसली, तरी ती कशी आली हे घरी येऊन मुलांना समजावून सांगता येत असे. या चिठ्ठीत मालाची आवकच लिहिलेली नाही. २०० हा आकडा तिच्यावर कुठेच नाही. पट्टीची पहिली ओळ आवकेची असते. ती नसेल तर बाकीच्या ओळी तपासायच्या कशावरून?

नोंदवही (वर्धा)

काकांनी माझे अर्धे काम केले. आमच्या केंद्रात प्रत्येक मालाला एकच आडवी ओळ असते: मागील शिल्लक, नवीन आवक, परत, खराब, आजची शिल्लक, आणि शेवटी विक्री. महिन्याच्या शेवटच्या दिवशी गटाची एक बाई आणि मी मिळून फडताळावरची पाकिटे हाताने मोजतो. विक्री कोणी सांगायची नसते. पहिल्या दोन रकान्यांच्या बेरजेतून पुढचे तीन वजा केले की ती आपोआप निघते. कार्बन लावून दोन प्रती होतात, दोघींच्या सह्या होतात आणि पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत पैसे जमा होतात. चार महिन्यांनी एकदम हिशेब केला की १४ पाकिटे कुठे गेली हे शोधता येत नाही. महिन्याला केला तर एक-दोन नगांचा फरक लगेच हाती लागतो आणि बहुतेक वेळा त्याचे कारणही आठवते.

पेठेतले दुकान (अकोला)

या पद्धतीत हरवलेले प्रत्येक पाकीट विक्रीत जमा होते, म्हणजे नुकसान पूर्णपणे दुकानाचे. तुमचे केंद्र बचत गटांच्या संघाचे आहे, तुम्हाला ते परवडत असेल. खासगी दुकानाला हे मान्य करायला लावणे अवघड आहे.

नोंदवही (वर्धा)

तुमचा आक्षेप योग्य आहे आणि आमच्याकडेही त्यावर वाद झाले आहेत. खराब माल दाखवला, म्हणजे फोडलेले किंवा उंदराने कुरतडलेले पाकीट समोर ठेवले, तर आम्ही ते 'खराब' या रकान्यात घेतो आणि गट ते सोसतो. जे दाखवता येत नाही ते विकले गेले असे धरतो. शेकडा दोनची सवलत द्यायची तर ती आधी लिहिलेली हवी. ताईंकडे तसे काही ठरलेले नव्हते, आणि १४ नग म्हणजे शेकडा सात होतात.

गव्हाळ (हिंगणघाट)

माझे आधीचे उत्तर चुकीच्या प्रश्नाला होते, हे आता लक्षात आले. पण ४०० रुपयांच्या सुटीबद्दल कोणीच बोलले नाही. सूट दुकानाने दिली, मग ती गटाने का भरायची?

नोंदवही (वर्धा)

गव्हाळताईंनी बरोबर आठवण करून दिली. हळदीकुंकवाच्या वाणासाठी दुकानाने ४० पाकिटे १०० ऐवजी ९० रुपयांना विकली. गटाला विचारले नसेल, तर सूट दुकानाने आपल्या २५ रुपयांतून द्यावी, हे सर्वांत सरळ. दुसरा मार्ग असा की कमिशन शेकडा २५ आहे असे धरून ते प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीवर मोजावे. मग ९० रुपयांतले साडेबावीस दुकानाचे आणि साडेसदुसष्ट गटाचे. गटाचे प्रत्येक पाकिटामागे साडेसात रुपये कमी झाले, म्हणजे ४० पाकिटांचे ३०० रुपये. चिठ्ठीत मात्र सूट पूर्ण ४०० गटाकडून घेतली आहे आणि दुकानाचे कमिशन १०० रुपयांवर पूर्ण २५ ठेवले आहे. म्हणजे सूट देण्याचा निर्णय दुकानाचा आणि त्याचा सगळा भार गटाचा. ० किंवा ३००, यांपैकी काहीही मला समजू शकते. ४०० मात्र समजत नाही.

हळदगाठ (समुद्रपूर)

सर्वांना नमस्कार. काल मी आणि आमच्या सचिवताई नागपूरला जाऊन आलो. फोनवर बोलण्याऐवजी समोर बसून बोलावे असे बैठकीत ठरले होते.

संत्राबागकाकांच्या सांगण्याप्रमाणे मी एका कागदावर पहिली ओळ आवकेची लिहिली आणि बाकीच्या ओळी दुकानदारांना भरायला सांगितल्या. '१४० मध्ये ४६ आहेत का' हा प्रश्न विचारल्यावर त्यांनी संगणक उघडला, दोन मिनिटे पाहिले आणि परतीची नोंद चुकीची झाल्याचे स्वतःच सांगितले. अकोल्याच्या दादांनी लिहिले तसेच घडले होते. ३,४५० रुपये देण्याचे त्यांनी लगेच कबूल केले. सुटीबाबत त्यांनी विक्रीच्या किमतीवर कमिशन धरायचे मान्य केले, म्हणजे ४०० ऐवजी ३००. हळदीकुंकवात आमची ४० पाकिटे एका आठवड्यात गेली होती, म्हणून आम्हीही त्यापुढे ताणले नाही. परतीचे भाडे आमच्याकडे, असे सुरुवातीलाच बोलणे झाले होते, ते ३०० रुपये तसेच राहिले.

१४ पाकिटांचे प्रकरण मात्र वेगळेच निघाले. त्यांच्या आवक वहीत ७ जानेवारीला ८० ऐवजी ७० पाकिटे लिहिलेली आहेत. शाई आणि अक्षर पाहता ती नोंद त्याच दिवसाची दिसते, मागून केलेली वाटत नाही. म्हणजे १४ पैकी १० पाकिटे दुकानात पोचलीच नाहीत असे त्यांचे म्हणणे आहे आणि उरलेल्या चार पाकिटांचे ३०० रुपये त्यांनी दिले. हिशेब असा झाला: १०,५०० अधिक ३००, वजा सूट ३००, वजा भाडे ३००, एकूण १०,२००. त्यातले ६,३५० आधी मिळाले होते, म्हणून ३,८५० रुपये काल खात्यात आले आणि आजच शेतकऱ्याचे पैसे चुकते केले.

नऊ फिकट पाकिटांचा विषय मी काढला, पण त्यावर एकमत झाले नाही. ती सध्या गटाकडेच आहेत. राहिला प्रश्न दहा पाकिटांचा, म्हणजे ७५० रुपयांचा. गाडीवाले म्हणतात की खोकी बांधलेली होती तशीच पोचवली.

नोंदवही (वर्धा)

ताई, तूट दुकानाची असे मी आधी ठामपणे लिहिले होते, ते पोच झालेल्या मालापुरतेच खरे आहे. ज्या मालाची पोच नाही, त्यात आपली बाजू कच्ची असते. ४० पाकिटांचे खोके म्हणजे ८ किलो हळद. दहा पाकिटे कमी असतील तर ते २ किलोने हलके लागले असते. खोके पाठवताना वजन करून त्यावर लिहिले असते, तर गाडीवाल्याने घेताना आणि दुकानाने उतरवताना काट्यावर ठेवून पाहता आले असते.

आता एक उपाय उरला आहे. रिकाम्या पाकिटांची मोजणी करा. किती विकत घेतली, किती उरली, यावरून किती भरली ते कळेल.

हळदगाठ (समुद्रपूर)

मोजणी केली. छापील पाकिटे ५०० घेतली होती. त्या हंगामात आठवडी बाजारात १७० विकली, त्याची रोजची नोंद वहीत आहे. दुकानाला २०० गेली असतील तर १३० रिकामी उरायला हवी होती. ती १३७ निघाली. म्हणजे सात पाकिटे तर आम्ही भरलीच नव्हती. सील करताना काही पाकिटे जळून फुकट गेली होती. तीन-चार असतील असे त्या रात्री भरायला बसलेल्या दोघी सांगतात, परंतु लिहून ठेवलेले नाही. तीन धरली तर हिशेब बरोबर दहाचा बसतो. एका खोक्यात ४० ऐवजी ३० भरून आम्हीच ते बांधले असणार.

आज दुपारी दुकानदारांना फोन करून सांगितले की दहा पाकिटांची मागणी गट सोडतो आहे आणि आवक वहीतली त्यांची नोंद बरोबर होती. पुढची खेप ६० पाकिटांचीच पाठवतो आहोत. खोक्यावर वजन लिहिले आहे, चलनाच्या दोन प्रती गाडीवाल्यांजवळ दिल्या आहेत आणि सही झालेली प्रत हाती आल्याशिवाय खेप वहीत चढवायची नाही असे ठरले आहे. महिन्याच्या मोजणीला मात्र ते अजून तयार नाहीत, दोन महिन्यांनी या म्हणतात.

पेठेतले दुकान (अकोला)

ताई, वजन लिहिताना रिकाम्या खोक्याचे वजन वेगळे लिहा. पुठ्ठ्याचे खोके पावसाळ्यात ओल धरते आणि वजनात फरक त्यानेच पडू शकतो.